निझार जो कागद आणायला गेले: १०९४ साली इस्माइली पंथ कसा दुभंगला

१०९४ सालचा डिसेंबर संपत आला होता. कैरोच्या राजवाड्यात फातिमी खलिफा अल-मुस्तनसिर यांनी डोळे मिटले आणि वजीर अल-अफदल याने एक दिवसही वाया जाऊ दिला नाही. त्याने अहमद या विशीतल्या, सर्वांत धाकट्या राजपुत्राला तख्तावर बसवलं, त्यांना ‘अल-मुस्तअली’ ही पदवी दिली आणि थोरल्या भावांना निरोप धाडला की येऊन नव्या खलिफापुढे निष्ठेची शपथ घ्या. सगळ्यांत थोरले निझार तेव्हा पन्नाशीला आले होते. इजिप्तच्या बखरींत त्यांचं उत्तर नोंदवलेलं आहे. माझे तुकडे केलेत तरी माझ्याहून लहान असलेल्यापुढे मी शपथ घेणार नाही, ते म्हणाले. वडिलांनी मला वारस नेमल्याचा त्यांच्याच हातचा कागद माझ्याकडे आहे, तो घेऊन येतो. एवढं बोलून ते बाहेर पडले, ते परत आलेच नाहीत. त्यांनी थेट अलेक्झांड्रिया गाठलं.

त्या कागदाचा पुढे इतिहासात पत्ता लागत नाही. तो खरोखर होता की नव्हता, हेही आता कुणी सिद्ध करू शकणार नाही. पण हा खलिफाच ज्यांचा इमाम, म्हणजे धर्मप्रमुख, होता त्या शियांमधल्या इस्माइली पंथाची त्या दिवशी जी दोन शकलं झाली, ती जवळपास साडेनऊशे वर्षांनंतर आजही वेगळी आहेत. आगाखान यांना इमाम मानणारे खोजा हे निझारींच्या बाजूचे वारस. बोहरा समाज मुस्तअलींच्या बाजूचा. या दोन समाजांत फरक काय, असं विचारलं तर बहुतेक जण श्रद्धेचे आणि आचाराचे फरक सांगतील: एकाकडे हयात इमाम आहे, दुसऱ्याचा इमाम पडद्याआड आहे, प्रार्थनेची पद्धत वेगळी, प्रार्थनेची जागा वेगळी. हे फरक खरे आहेत. पण १०९४ साली यांतला एकही नव्हता. दोन्ही बाजूंचे लोक आदल्या दिवसापर्यंत एकाच इमामाला मानत होते, तेच ग्रंथ वाचत होते, त्याच नावाने खुतबा म्हणत होते. आधी फूट पडली, मतभेद नंतर वाढले. मग फूट पडली कशाने, आणि पडली ती कायमची का टिकली, हे मला इथे उलगडून सांगायचं आहे.

नस्स म्हणजे काय

सगळ्याच्या मुळाशी एक शब्द आहे: नस्स. शिया परंपरेत इमाम निवडला जात नाही, तो नेमला जातो. आधीच्या इमामाने हयात असताना पुढच्याचं नाव स्पष्टपणे सांगायचं; त्या सांगण्याला नस्स म्हणतात. या विचाराचा उगम मुहम्मद पैगंबरांच्या काळातला. इसवी सन ६३२ मध्ये त्यांचं निधन झाल्यावर मदिनेतल्या प्रमुख मंडळींनी अबू बक्र यांना खलिफा म्हणून मान्यता दिली. शियांचं म्हणणं असं की पैगंबरांनी हयातीतच, गदीर खुम या ठिकाणी, आपले चुलतभाऊ आणि जावई अली यांचं नाव जाहीर केलं होतं, त्यामुळे निवडीचा प्रश्नच उरत नव्हता. सुन्नी आणि शिया या मोठ्या दुभंगाची सुरुवात इथली. पण शियांच्या आत पुढे ज्या फुटी पडल्या, त्या कळायच्या असतील तर नस्सच्या नियमाचा एक विशेष ध्यानात घ्यावा लागतो.

तो असा, की हा नियम मधला मार्ग ठेवत नाही. इतर राजघराण्यांत दोन भाऊ भांडले तर राज्य वाटून घेता येतं, एकाला राजा करून दुसऱ्याला जहागीर देता येते, नाहीतर थोरल्यानंतर धाकट्याने बसायचं असं ठरवता येतं. इमामत वाटता येत नाही, कारण एका वेळी इमाम एकच असतो आणि त्याचं ज्ञान, त्याचा अधिकार ईश्वरी मानलेला असतो. हसन आणि हुसेन हे भाऊ सोडले तर इमामत भावाकडून भावाकडे जात नाही, असाही दंडक पुढे पक्का झाला. म्हणजे चुकीच्या भावामागे गेलेला माणूस केवळ राजकारणात हरत नाही; त्याच्या लेखी त्याचा परलोकच चुकतो. अशा ठिकाणी कुणी तडजोड करायची कशी?

आणि दुसरी अडचण पुराव्याची. नस्स हा एका माणसाचा शब्द. तो बऱ्याचदा चार माणसांतच उच्चारला जाई, कधी कधी मुद्दाम लपवला जाई, कारण तसं न करणं जिवावर बेतणारं होतं. सहावे इमाम जाफर अस-सादिक ७६५ साली मदिनेत वारले, तेव्हाची एक हकीकत शिया परंपरेत सांगितली जाते. अब्बासी खलिफा अल-मन्सूर याने मदिनेच्या सुभेदाराला हुकूम पाठवला की मृत्युपत्रात ज्याचं नाव वारस म्हणून असेल त्याची मान उडव. मृत्युपत्र उघडलं तर त्यात पाच नावं: स्वतः खलिफा मन्सूर, तो सुभेदार, इमामांचे दोन मुलगे अब्दुल्ला आणि मूसा, आणि मूसांच्या आई हमीदा. मारायचं कुणाला? हकीकत शब्दशः खरी असो वा नसो, तिच्यातली परिस्थिती खरी आहे. वारसाचं नाव उघड सांगितलं तर वारस मरतो, आणि लपवलं तर अनुयायी फुटतात. त्या काळच्या इमामांपुढे हे दोनच रस्ते होते.

आणि अनुयायी फुटलेच. थोरले पुत्र इस्माइल यांच्यावर नस्स झाली होती असं अनेकांना वाटत होतं, पण बहुतेक वृत्तांतांनुसार ते वडिलांच्या आधीच वारले. इमाम जाफर यांनी त्यांच्या चेहऱ्यावरचं वस्त्र बाजूला करून लोकांना दाखवलं, साक्षी ठेवले, असंही सांगितलं जातं. आता पाहा, या एकाच घटनेचा अर्थ किती तऱ्हांनी लावला गेला. काही जण म्हणाले, ते वारलेच नाहीत, मन्सूरपासून वाचवण्यासाठी हा देखावा होता. काही म्हणाले, नस्स एकदा झाली की ती परत फिरत नाही, म्हणून ती इस्माइल यांच्यावरून त्यांच्या मुलाकडे, मुहम्मद यांच्याकडे गेली. बाकीच्यांचं म्हणणं, इस्माइल यांच्यावर नस्स कधी झालीच नव्हती. यांतले बरेच जण प्रथम दुसरे पुत्र अब्दुल्ला यांच्यामागे गेले, पण तेही वडिलांमागे जेमतेम सत्तर दिवसांत निपुत्रिक वारले, तेव्हा ते मूसा अल-काझिम यांच्याकडे वळले. मूसांचा वंश बाराव्या इमामापर्यंत गेला. इराणमधले आजचे बहुसंख्य शिया त्या परंपरेतले. इस्माइल आणि मुहम्मद यांना मानणारे ते इस्माइली.

या इस्माइलींनी दीडशे वर्षं भूमिगत राहून प्रचार केला आणि ९०९ साली उत्तर आफ्रिकेत राज्य उभं केलं. तेच फातिमी खलिफांचं राज्य. ९६९ साली त्यांनी इजिप्त जिंकला आणि कैरो वसवलं. आता इमाम लपून राहणारा नव्हता, तख्तावर बसलेला होता. कुणालाही वाटेल की आता तरी वारसाचा घोळ मिटावा. झालं उलटंच.

वजीराच्या हातातलं तख्त

अल-मुस्तनसिर १०३६ साली सात वर्षांचे असताना खलिफा झाले आणि अठ्ठावन्न वर्षं तख्तावर राहिले. त्यांच्या कारकिर्दीच्या मध्यावर, १०६५ च्या सुमारास, नाईलला पूर येईनासा झाला आणि सात वर्षांचा भीषण दुष्काळ पडला. पगार थकलेल्या तुर्की आणि सुदानी पलटणी एकमेकींशी लढल्या, राजवाड्याचा खजिना लुटला गेला, ग्रंथालयातले ग्रंथ फाडून नेले गेले. हतबल झालेल्या खलिफांनी अखेर पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरच्या अक्का शहरातून बद्र अल-जमाली या आर्मेनियन सेनापतीला बोलावून घेतलं. तो १०७४ च्या आरंभी आपल्या पलटणीसह आला, बंडखोर सरदारांची कत्तल केली आणि राज्य सावरलं. त्याची किंमत त्याने पुरेपूर वसूल केली. सेनापती तोच, वजीर तोच, न्यायखात्याचा प्रमुख तोच. शिवाय दावत, म्हणजे पंथाचा प्रचार आणि संघटन करणारी यंत्रणा, तिचाही मुखिया तोच.

ही शेवटची गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. इमाम कोण हे ठरवण्याचा अधिकार सिद्धांतानुसार एकट्या इमामाचा होता. पण तो निर्णय लोकांपर्यंत पोहोचवण्याची यंत्रणा आता एका लष्करी घराण्याच्या मुठीत होती. बद्र १०९४ साली, मुस्तनसिर यांच्या काही महिने आधी वारला आणि त्याची सगळी पदं त्याचा मुलगा अल-अफदल याच्याकडे आली.

अफदलच्या जागी उभं राहून पाहिलं तर त्याचा हिशेब साधा होता. निझार पन्नाशीचे, स्वतःची माणसं बाळगणारे. ते खलिफा झाले तर पहिल्यांदा वजीर बदलणार. दोघांत जुनं वैरही होतं. अफदल एकदा घोड्यावर बसूनच राजवाड्याच्या दारातून आत शिरला, तेव्हा निझारांनी त्याला आर्मेनियन म्हणून हिणवत खाली उतरायला लावलं होतं, अशी गोष्ट बखरकार सांगतात. उलट अहमद विशीतले, पाठीशी कुणी नसलेले आणि अफदलच्या बहिणीचे पती. ज्याच्या हाती ससा तो पारधी, या न्यायाने अफदलने तख्त हाती ठेवलं. निझार हेच वारस समजले जात होते आणि अफदलने केलं ते राजवाड्यातलं बंड होतं, असंच बहुतेक इतिहासकारांचं मत आहे.

मुस्तनसिर वारले ती तारीख हिजरी पंचांगाप्रमाणे १८ जिल्हज होती, म्हणजे गदीरच्या सणाचा दिवस. इमामाची नेमणूक माणसांनी नव्हे तर वरून होते, हे ज्या दिवशी साजरं करायचं, त्याच दिवशी वजीराला इमाम नेमायची संधी चालून आली.

अलेक्झांड्रियात निझारांना तिथल्या तुर्की सुभेदाराने आसरा दिला आणि शहराने त्यांना खलिफा मानलं. त्यांनी ‘अल-मुस्तफा लि-दीनिल्लाह’ ही पदवी घेतली आणि स्वतःच्या नावाची नाणी पाडली. हे आपल्याला आज नक्की ठाऊक आहे, कारण हिजरी ४८८ सालचा, अलेक्झांड्रियाच्या टांकसाळीत पडलेला त्यांचा एक सोन्याचा दिनार सापडला आहे. अफदलची पहिली चाल परतवली गेली. मग त्याने मोठं सैन्य आणून वेढा घातला आणि १०९५ च्या अखेरीस शहर शरण आलं. निझारांना कैरोला नेऊन ठार केलं गेलं; त्यांना भिंतीत चिणलं, असं सांगतात.

इथवरची गोष्ट कुठल्याही राजवाड्यात घडू शकली असती. धाकटा जिंकला, थोरला मारला गेला, एक-दोन पिढ्यांत लोक विसरले, असाच तिचा शेवट व्हायला हवा होता. तो तसा झाला नाही, याचं कारण कैरोपासून फार दूर, इराणच्या डोंगरांत आहे.

हरलेल्यांपाशी काय होतं

हसन-ए-सब्बाह हे इराणमधले इस्माइली प्रचारक. ते तरुणपणी इजिप्तलाही जाऊन आले होते. १०९० साली, म्हणजे वाद पेटण्याच्या चार वर्षं आधी, त्यांनी कॅस्पियन समुद्राच्या दक्षिणेकडच्या डोंगरात अलमूतचा किल्ला ताब्यात घेतला आणि तेव्हा इराणवर राज्य करणाऱ्या सेल्जुक सुलतानांविरुद्ध किल्ल्यांची एक साखळीच उभी करायला घेतली. कैरोचा पैसा त्यांना लागत नव्हता, कैरोचं सैन्य त्यांच्यापर्यंत पोहोचू शकत नव्हतं. तख्तावर मुस्तअली बसल्याची बातमी आली तेव्हा इराणच्या इस्माइलींनी ती नाकारली. आमचे इमाम निझारच, असं म्हणून त्यांनी कैरोशी संबंध तोडले.

पण निझार तर वर्षभरातच मारले गेले. मग यांचा इमाम कोण? निझारी परंपरेनुसार त्यांच्या वंशातल्या एकाला गुप्तपणे अलमूतला आणलं गेलं. हसन-ए-सब्बाह यांनी स्वतः इमाम असल्याचा दावा कधीच केला नाही. इमाम प्रकट होईपर्यंत त्याच्या वतीने बोलणारा, ज्याला ‘हुज्जत’ म्हणतात, त्या नात्याने त्यांनी पंथ चालवला. अलमूतची नाणी याची साक्ष देतात. निझारांना मरून साठ वर्षं उलटली तरी त्या नाण्यांवर नाव निझारांचंच आहे, किल्ल्याच्या प्रत्यक्ष सत्ताधीशाला इमामाचा मान दिलेला नाही. पंथ उभा राहतो तो असा. इमाम डोळ्यांसमोर नसतानाही कारभार कुणी चालवायचा, याची रीत ठरलेली असावी लागते आणि शत्रूचा हात पोहोचणार नाही अशी एक जागा असावी लागते. अलेक्झांड्रियापाशी यांतलं काहीच नव्हतं, म्हणून तिथला दावा वर्षात संपला. अलमूतपाशी दोन्ही होतं.

११६४ साली अलमूतचे तेव्हाचे सत्ताधीश, हसन-ए-सब्बाह यांच्या नंतरचे दुसरे एक हसन, यांनी ‘कियामत’ जाहीर केली, धर्माचा बाह्य आचार मागे पडून त्याचं आंतरिक सत्य प्रकट झाल्याची ही घोषणा होती. पुढे त्यांनाच निझारांच्या वंशातले इमाम मानलं गेलं. मुस्तअली पक्षाशी खरा सैद्धांतिक दुरावा इथे दिसू लागतो, म्हणजे फुटीनंतर सत्तर वर्षांनी. गुरूच्या अधिकारावर हसन-ए-सब्बाह यांनी भर दिला होता तोही समजण्यासारखा आहे. ज्यांचा इमाम दिसत नाही त्यांना ‘शिकवणारा लागतोच’ हे ठासून सांगावं लागतं. सिद्धांताला त्यांच्या परिस्थितीनेच आकार दिला.

अठ्ठावीस वर्षांनी दिलेली साक्ष

आता कैरोकडे परत येऊ. ११२१ साली अफदलचा खून झाला आणि ११२२ च्या डिसेंबरात मुस्तअलींचे पुत्र, तेव्हाचे खलिफा अल-आमिर, यांनी राजवाड्यात एक सभा भरवली. हेतू एकच: निझारांचा दावा खोटा आहे हे कायमचं सिद्ध करायचं. निझारांची सख्खी बहीण पडद्याआड बसली होती. निझारांचा इमामतीवर हक्क नव्हता, आपल्या वडिलांनी मुस्तअलींनाच नेमलं होतं, अशी साक्ष तिने दिली. मुस्तअलींच्या लग्नाच्या मेजवानीत मुस्तनसिर यांनी त्यांना कसा खास मान दिला, हेही पुरावा म्हणून मांडलं गेलं. या सगळ्याचं एक पत्र तयार करून ते सर्वत्र पाठवलं गेलं. ते पत्र आजही उपलब्ध आहे.

इतिहास वाचताना अशा जागी थबकायला हवं. साक्ष खरी की खोटी यावर आपण निकाल देऊ शकत नाही. पण ती केव्हा दिली गेली हे विचारू शकतो. घटना १०९४ ची, साक्ष ११२२ ची. मध्ये अठ्ठावीस वर्षं. साक्ष देणारी स्त्री त्याच राजवाड्यात राहणारी, तिला बोलावणारा खलिफा स्वतः खटल्यातला पक्षकार. आणि पुराव्याचं स्वरूप पाहा: मेजवानीत मिळालेला मान, दिलेली पदवी. स्पष्ट, जाहीर नस्स झाली असती तर खुणांवरून अर्थ काढण्याची वेळ आली असती का? दुसऱ्या बाजूलाही हाच निकष लावला पाहिजे. निझारांच्या कागदाची गोष्ट आपल्यापर्यंत येते ती नंतरच्या बखरींतून. त्या काळातलाच, हातात धरता येईल असा पुरावा म्हणजे तो सोन्याचा दिनार. त्यावरून एवढंच कळतं की निझारांनी दावा केला होता आणि एका शहराने तो मानला होता. नस्स कुणावर झाली होती, हे तो सांगत नाही. कुठलंही नाणं ते सांगू शकणार नाही.

पण या सभेवरून एक गोष्ट नक्की ठरते. अठ्ठावीस वर्षांनंतरही जिंकलेल्या पक्षाला हरलेल्यांचं म्हणणं खोडून काढायची गरज भासत होती.

जिंकलेले गेले, हरलेले राहिले

११३० च्या ऑक्टोबरात निझारी मारेकऱ्यांनी आमिर यांचा खून केला. काही महिन्यांपूर्वीच त्यांना तय्यिब नावाचा मुलगा झाला होता. ती आनंदवार्ता कळवणारं त्यांचं पत्र येमेनच्या राणी अरवा यांना गेलं होतं आणि इजिप्तच्या एका बखरीतही त्या जन्माच्या सोहळ्याची नोंद आहे. खुनानंतर मात्र कैरोत त्या बाळाचं नाव कुणी काढेना. आमिर यांचे चुलतभाऊ अब्दुल मजीद प्रथम कारभारी म्हणून पुढे आले. मध्ये अफदलच्या मुलाने सत्ता बळकावून त्यांना कैदेत टाकलं. तो मारला गेल्यावर ते सुटले, आणि ११३२ साली त्यांनी ‘अल-हाफिझ’ या पदवीने स्वतःलाच इमाम जाहीर केलं.

इमामत बापाकडून मुलाकडे जाते हा तर पायाभूत नियम. चुलतभाऊ इमाम कसा झाला? हाफिझ यांनी दिलेलं उत्तर ऐकण्यासारखं आहे. पैगंबरांनी गदीर खुमला कुणाला नेमलं होतं? आपल्या चुलतभावाला, अलींना. तसंच आमिर यांनी मला नेमलं. म्हणजे शियांच्या ज्या मूळ घटनेने नस्सचा नियम घडवला, तिचाच दाखला नियमातल्या अपवादासाठी वापरला गेला. परंपरेत जमा झालेली प्रत्येक गोष्ट वादात कामाला येते आणि दोन्ही बाजूंना येते.

कैरोचं राज्य, सैन्य, खजिना, अधिकृत दावत, सगळं हाफिझ यांच्या बाजूने होतं. येमेनमध्ये अरवा राणीने ते नाकारलं आणि तय्यिब हेच इमाम, असं धरून ठेवलं. तय्यिब यांचं पुढे काय झालं हे कळत नाही; अनुयायांच्या श्रद्धेनुसार ते पडद्याआड गेले आणि त्यांचा वंश पडद्याआडच चालू आहे. पण अरवा यांनी जे केलं ते त्या काळातलं सर्वांत दूरदृष्टीचं पाऊल होतं असं मी म्हणेन. त्यांनी पंथाची यंत्रणा राज्यापासून वेगळी केली आणि तिच्यावर ‘दाई अल-मुतलक’ नेमला. दाई म्हणजे धर्माकडे बोलावणारा. मुतलक म्हणजे पूर्ण अधिकार असलेला. इमाम पडद्याआड असताना त्याच्या नावाने सगळा कारभार पाहणारा हा माणूस राजाचा नोकर नव्हता. ११३८ साली अरवा वारल्या, त्यांचं राज्यही गेलं, पण दावत चालू राहिली.

कैरोत काय झालं? ११७१ साली सलाहुद्दीनने फातिमी राज्य संपवलं. हाफिझींचा इमाम राजवाड्यात राहणारा, त्यांचे प्रचारक राजाच्या पगारावर. राजवाडा गेला तसा पंथही वितळत गेला. आज एकही हाफिझी उरलेला नाही. ११३२ साली ज्यांनी वाद जिंकला ते नामशेष झाले. ज्यांच्यापाशी बेपत्ता बाळ आणि डोंगराळ येमेनमधली एक प्रचारयंत्रणा एवढंच होतं, त्यांच्या परंपरेचे वारस आजचे बोहरा आहेत.

वारसाच्या वादातून टिकाऊ पंथ कसा निघतो, हे या दोन प्रसंगांवरून मला दिसतं ते असं. दावेदार किती खरा होता किंवा किती बलवान होता, यावर ते ठरलं नाही. निझार आणि तय्यिब दोघेही लवकरच नजरेआड झाले. त्यांच्या नावाने काम करणाऱ्यांनी इमामाशिवाय पंथ चालवायची रीत बसवली, म्हणून त्यांच्या बाजू तगल्या. याला मर्यादाही आहे. अलमूत १२५६ साली मंगोलांनी घेतला आणि निझारींना पुन्हा शतकानुशतकं लपून राहावं लागलं. तिथे तगून राहायला नुसती रीत पुरेशी नव्हती, पिढ्यान्‌पिढ्या श्रद्धा जपणारी साधी माणसंही लागली, आणि त्यांच्याबद्दल कागदपत्रं फार कमी बोलतात.

जुना प्रश्न, नवी न्यायालयं

दाईची व्यवस्था इमामाच्या अनुपस्थितीसाठी केली होती, पण नस्सचा नियम तिच्याबरोबर आलाच, कारण पुढचा दाईसुद्धा आधीच्या दाईच्या शब्दानेच ठरतो. सोळाव्या शतकात दाईंची गादी येमेनमधून गुजरातेत आली. सव्विसावे दाई दाऊद बिन अजबशाह वारल्यावर गुजरातेतल्या बहुसंख्यांनी दाऊद बिन कुतुबशाह यांना मानलं, तर येमेनमध्ये प्रतिनिधी असलेल्या सुलेमान बिन हसन यांनी नस्स आपल्यावर झाल्याचा दावा केला. प्रकरण अकबर बादशहाच्या दरबारापर्यंत गेलं. दाऊदी आणि सुलेमानी ही नावं त्या वादातली. इथेही अंतराने काम केलं: एका पक्षाचं बळ गुजरातेत, दुसऱ्याचं येमेनमध्ये.

जानेवारी २०१४ मध्ये बावन्नावे दाऊदी दाई सय्यदना मोहम्मद बुऱ्हानुद्दीन वारले, तेव्हा हाच प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात आला. त्यांचे सावत्र भाऊ खुझैमा कुतबुद्दीन यांचं म्हणणं होतं की १९६५ साली खासगीत त्यांच्यावर नस्स झाली होती. पुत्र मुफद्दल सैफुद्दीन यांच्या बाजूने २०११ मधल्या नस्ससह अनेक प्रसंग मांडले गेले. नस्सला साक्षी लागतात का? एकदा केलेली नस्स बदलता येते का? आठव्या शतकात इस्माइल यांच्याबाबत पडलेले हे प्रश्न न्यायालयात मुद्दे म्हणून नोंदले गेले. एप्रिल २०२४ मध्ये दावा फेटाळला गेला आणि निकालात न्यायालयाने स्पष्ट केलं की हा निर्णय पुराव्याबद्दल आहे, श्रद्धेबद्दल नाही.

निझारींकडे अलीकडे वेगळा मार्ग दिसतो. अठ्ठेचाळिसावे इमाम आगाखान तिसरे १९५७ साली वारले, तेव्हा त्यांच्या मृत्युपत्रात मुलांऐवजी वीस वर्षांच्या नातवाचं, करीम यांचं नाव निघालं. मुलांना डावलणारी ही नेमणूक लेखी होती, मृत्यूनंतर उघडली गेली आणि पंथ दुभंगला नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये करीम आगाखान चौथे लिस्बनमध्ये वारले. दुसऱ्या दिवशी घरच्या माणसांसमोर आणि पंथातल्या ज्येष्ठांसमोर त्यांचं मृत्युपत्र उघडलं गेलं, आणि त्यात पन्नासावे इमाम म्हणून त्यांच्या मुलाचं, रहीम यांचं नाव लिहिलेलं होतं.